टॅग रग्बीची पाचव्या मिनिटाला कबड्डी होते, तेव्हा काय तपासायचं

तक्रार नेहमीची आहे. सातवीचा मिश्र वर्ग, प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला ओढून काढायच्या दोन फिती म्हणजे टॅग, नियम फळ्यावर लिहून समजावलेले. पहिली तीन-चार मिनिटं खेळ बरा चालतो. मग कुणीतरी बॉल पुढे भिरकावतो, कुणीतरी समोरच्याच्या छातीवर आदळतो, दोघं एकाच टॅगवर झडप घालतात आणि कपाळं आपटतात. पाचव्या मिनिटाला मैदानाच्या मध्यावर पंधरा-सोळा पोरांचा गराडा असतो आणि बहुतेक मुली कडेला उभ्या राहून गंमत बघत असतात. शिट्टी वाजवून गाल दुखतात, आणि पुढच्या तासाला पुन्हा तेच.

मी हे जवळजवळ दोन वर्षं सोसलं. आमची शाळा तालुक्याच्या गावची. पोरं कबड्डी आणि खो-खो खेळत वाढलेली, त्यात थोडं फुटबॉल. सुरुवातीला मला वाटायचं की मुलांना नियम कळलेले नाहीत, म्हणून मी नियम पुन्हा सांगायचे. त्यांना नियम पाठ होते. "बाई, पास मागेच द्यायचा," असं मला म्हणून दाखवणारा मुलगा पुढच्याच डावात बॉल पुढे फेकायचा. तेव्हा गडबड डोक्यात नसून कुठेतरी पायांत आहे, असा संशय यायला लागला.

नियम जागोजागी थोडे वेगळे असतात. मी जे धरून चालते ते असे. बॉल दोन्ही हातांत धरून पळायचं. पास मागे किंवा फार तर बरोबरीत. लाथ मारणं, धरणं, ढकलणं, पाडणं काही नाही. टॅग फक्त बॉलवाल्याचा ओढायचा. ओढला की तो हात वर करून "टॅग!" असं ओरडायचं. बॉलवाल्याने साधारण तीन पावलांत थांबायचं आणि तीन सेकंदांत पास द्यायचा. ओढणाऱ्याने टॅग परत हातात द्यायचा, ज्याचा ओढला त्याने तो पट्ट्याला लावायचा, आणि तोवर दोघंही खेळाबाहेर. पास पुढे गेला तर बॉल समोरच्या संघाला.

आधी मोजा

एके दिवशी पाय मुरगळलेला एक मुलगा आणि बरं नसलेल्या दोन मुली कडेला बसल्या होत्या. तिघांच्या हातात पाट्या दिल्या. एकाने पुढे गेलेले पास मोजायचे, एकीने धडका मोजायच्या आणि एकीने कुणाकुणाच्या हातात बॉल आला ते लिहायचं. मैदान 40 मीटर लांब, 20 मीटर रुंद. एका बाजूला अकरा, दोन्ही मिळून बावीस भिडू, त्यात अकरा मुली. बाकी वर्ग आपली पाळी यायची वाट बघत बसलेला.

आठ मिनिटांत सतरा पास पुढे गेले. धडका नऊ. अकरा मुलींपैकी तिघींच्याच हातात बॉल आला. हे आकडे वाईट होते, पण अपेक्षितच होते. कामाची गोष्ट वेगळीच निघाली. धडका मोजणाऱ्या मुलीने आपणहून एक खूण केली होती. नऊपैकी सात धडकांपुढे तिने लिहिलं होतं, "मागे कोणी नव्हतं." म्हणजे बॉलवाला आदळला त्या क्षणी त्याच्या मागे त्याचा एकही भिडू नव्हता. सगळे त्याच्या पुढे किंवा बरोबरीत.

तिथे मला उलगडा झाला. पुढे जाणारा पास आणि धडक या दोन वेगळ्या खोड्या नाहीत. ज्याच्यासमोर फट नाही आणि मागे भिडू नाही, त्या पोराकडे दोनच वाटा उरतात, एक तर घुसायचं, नाहीतर पुढे दिसेल त्याच्याकडे बॉल भिरकावून द्यायचा. तेव्हा तपासायच्या गोष्टीही दोनच. फट का नाही, आणि मागे कोणी का नाही?

फट का नाही: रुंदीचा हिशोब

बारा-तेरा वर्षांचं मूल दोन्ही हात पसरून उभं राहिलं की साधारण दीड मीटर अडवतं. अकरा मुलं म्हणजे साडेसोळा मीटर. मैदान वीस मीटर रुंद. उरले साडेतीन मीटर, तेही दहा-बारा ठिकाणी तुकडे होऊन. त्यातून कुणाला न लागता पलीकडे जायला उंदीरच हवा.

हेच पाच मुलांचं करून बघा. साडेसात मीटर अडले, साडेबारा मोकळे. शेजारच्या दोघांच्या हातांमध्ये आता दोन-अडीच मीटर जागा राहते आणि त्यातून मूल न आदळता आरपार पळू शकतं. इंग्लंडच्या रग्बी युनियनने सात वर्षांखालच्या मुलांसाठी एका बाजूला चार आणि आठ वर्षांखालच्यांसाठी सहाच भिडू ठेवलेत. आपण मात्र वर्गात चाळीस पोरं आहेत म्हणून अकरा-अकरा उतरवतो.

"पण बाकीच्यांचं काय करायचं?" हा खरा प्रश्न. माझ्या वर्गात चाळीस मुलं असतात. मी त्याच जागेत दोन मैदानं आखते. मैदानाची 40 मीटरची बाजू आता दोघांत वाटली जाते, म्हणजे प्रत्येकाला वीस मीटर रुंदी मिळते, आणि लांबीसाठी मागच्या मोकळ्या पट्टीतून पाच-सहा मीटर जास्तीचे घेते. पंचवीस मीटर लांबी या वयाला पुरते. दोन मैदानांच्या मध्ये तीन-चार मीटरची गल्ली सोडायची, त्यासाठी दोन्हीकडून थोडी रुंदी कापली तरी चालेल. फक्की कमी असेल तर कोपऱ्यांवर चपला ठेवायच्या नाहीत, त्यावर पाय पडून मुरगळतो. जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे जमिनीवर चपटे बसतात, ते बरे.

पाच-पाचचे आठ गट, प्रत्येक मैदानावर चार. दोन गट चार मिनिटं खेळतात, दोन कडेला. कडेच्या प्रत्येक मुलाने खेळणाऱ्या एकाच भिडूवर लक्ष ठेवायचं आणि त्याच्या हातात बॉल किती वेळा आला ते बोटांवर मोजायचं. चार मिनिटं संपली की अदलाबदल. 35 मिनिटांच्या तासात पट्टे लावणं आणि सराव धरूनही प्रत्येकाला दोन डाव मिळतात.

हा एकच बदल केला आणि काहीही नवीन शिकवलं नाही, तरी पुढच्या तासाला धडका निम्म्याहून कमी झाल्या. पुढे जाणारे पास मात्र फारसे कमी झाले नाहीत.

मागे कोणी का नाही: "टॅग" ऐकल्यावर पाय थांबत नाहीत

याला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून सविस्तर सांगते.

मुलांना आपण सांगतो, "बॉलवाल्याच्या बरोबर राहा, साथ द्या." ती तसंच करतात. बॉलवाला पळतो, शेजारून दोघं बरोबरीने पळतात. त्या क्षणी सगळं बरोबर दिसतं. मग टॅग ओढला जातो आणि बॉलवाला थांबायला लागतो. शेजारचे दोघं थांबत नाहीत, कारण टॅग त्यांचा गेलेला नसतो. चौथी-पाचवीपुढचं मूल सहज सेकंदाला चार मीटर पळतं. बॉलवाला तीन पावलांत थांबून मान वर करून बघेपर्यंत एक-दीड सेकंद गेलेला असतो. तेवढ्यात बरोबरीचा भिडू चार-पाच मीटर पुढे निघून गेलेला असतो आणि तिथून हात वर करून ओरडत असतो, "इकडे दे, इकडे दे!" तीन सेकंदांची घाई, समोर ओळखीचा चेहरा आणि मागे कोणी नाही. पास पुढे जाणारच.

म्हणजे पास देणाऱ्याच्या हातांचा दोष नाही. दोष असतो मागणाऱ्याच्या पायांचा, आणि शिट्टी मात्र देणाऱ्यावर वाजते. त्यात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना तर पुढे पळून बॉल मागायची सवयच असते.

उपाय दोन भागांत आहे. पहिला, साथ देणाऱ्याने बरोबरीत न पळता तीन-चार मीटर मागे आणि थोडं बाजूला पळायचं. बॉलवाला थांबला तरी तो मागून पळतच येतो आणि पळता पळता बॉल घेतो. उभ्याने बॉल घेणाऱ्यापेक्षा पळत घेणाऱ्याला अडवणं अवघड असतं, हा वरचा फायदा. दुसरा, "टॅग!" ही आरोळी मुलांना फक्त नियमाची वाटते. ती आपल्या भिडूंसाठीचा ब्रेक आहे असं शिकवायचं. टॅग ऐकलं की साथीदाराने पाय आखडायचे, बॉल कुठे आहे ते बघायचं आणि त्याच्या मागे यायचं.

सराव असा. चार मुलं तिरक्या ओळीत उभी करायची, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. पहिल्याच्या हातात बॉल, दुसरा त्याच्या उजवीकडे तीन मीटर आणि मागे तीन मीटर, तिसरा दुसऱ्याच्या तसाच, चौथा तिसऱ्याच्या तसाच. आधी चालत. मी "टॅग!" म्हणते, बॉलवाला थांबतो, दुसरा मागून येत त्याच्या खांद्याच्या रेषेच्या आत बॉल घेतो आणि पुढे निघतो. पास दिलेल्याने जागेवर एक श्वास थांबायचं आणि मग ओळीच्या शेपटाला जाऊन चौथ्याच्या मागे लागायचं. हा श्वास महत्त्वाचा आहे. तो नसला की पास देणारा तसाच पुढे पळतो आणि पुढच्या टॅगला तोच पुढे उभा राहून बॉल मागतो. चालत जमलं की हळू धावत, मग वेगात. चालायची पायरी गाळू नका. मी एकदा घाई करून गाळली आणि तास वाया गेला.

बॉल कोण मागणार, हाही नियम करून टाकला. आवाज मागून आला तरच पास. पुढून कोणी कितीही ओरडला तरी तो आपल्या संघाचा नाहीच असं समजायचं. आमच्या पोरांना हे खो-खोच्या भाषेत लगेच कळलं. खो मागून मिळतो. बसलेला भिडू समोर बघत असतो, आवाज पाठीमागून येतो, आणि तो उठतो. इथे आवाज देणारा बॉल घेणारा असतो, तेवढा फरक. उपमा पूर्ण जुळत नाही, पण "खो मागूनच येतो" एवढं म्हटलं की पाय आपोआप मागे सरकतात. खो-खो संघातल्या एका मुलीला तर सांगावंच लागलं नाही. पहिल्याच दिवशी ती बॉलवाल्याच्या पाठीमागे तिरकी पळत होती, कारण मैदानात कोण कुठे आहे हे बघत पळायची तिला सवय होती.

इथे शिट्टीबद्दल एक खुलासा. पळता पळता बाजूला दिलेला पास जमिनीच्या हिशोबाने थोडा पुढे सरकतो. चालत्या एसटीच्या खिडकीतून चिंचोका सरळ बाहेर टाकला तरी तो गाडीबरोबर पुढे जाऊन पडतो, तसंच. सेकंदाला चार-पाच मीटर पळणाऱ्या मुलाचा अर्धा सेकंद हवेत राहिलेला पास दोन मीटर पुढे गेलेला दिसतो. तो चुकीचा नाही. वर्ल्ड रग्बीच्या नियमांत पास पुढे गेला की नाही हे हात कुठल्या दिशेने गेले त्यावरून ठरतं, बॉल कुठे पडला त्यावरून नाही. त्यामुळे मी आता बॉलकडे न बघता देणाऱ्याच्या मनगटांकडे बघते. हे कळण्याआधी मी चांगले पास फेटाळत होते, आणि त्यामुळे वेगात पळणारी मुलं पास द्यायलाच घाबरायला लागली होती.

कबड्डीच्या सवयी

रुंदी आणि मागून साथ जमली तरी दोन प्रकारच्या धडका उरल्या, आणि दोन्ही आपल्या मातीतल्या आहेत.

पहिली बॉलवाल्याची. चढाईपटू समोरच्याकडे तोंड करून जातो, त्याला झोंबतो, निसटतो. ती सवय घेऊन मूल थेट भिडूवर पळतं. टॅग रग्बीत समोरच्याला टाळायची जबाबदारी बॉलवाल्याची असते. जाणूनबुजून अंगावर पळाला तर बॉल समोरच्यांना. मी मुलांना सांगते, माणसाकडे बघायचं नाही, दोन माणसांमधल्या मातीकडे बघायचं. डोळे जिथे, पाय तिथे. सरावासाठी फक्कीने दीड-दीड मीटरच्या गल्ल्या आखते, एका गल्लीत अडवणारा उभा, शेजारची मोकळी. बॉलवाल्याने पाच मीटर आधीच गल्ली निवडायची. अगदी जवळ जाऊन वळलेल्याला पुन्हा सुरुवातीला पाठवते, तो सुटला असला तरी.

गिरकी घेणं मी पहिल्याच दिवशी बंद करते. गिरकीत मुलाची पाठ समोरच्याकडे होते, त्याला काही दिसत नाही आणि कोपर बरोबर दुसऱ्याच्या नाकाच्या उंचीला फिरतं.

दुसरी धडक अडवणाऱ्यांची, आणि ती जास्त घातक. कबड्डीत साखळी करून चढाईपटूला दोन्हीकडून घेरतात. इथेही दोघं दोन बाजूंनी एकाच बॉलवाल्याच्या कमरेकडे वाकून झेपावतात आणि डोकी एकमेकांवर आदळतात. यावर मी क्रिकेटचा उपाय वापरला. उंच उडालेल्या झेलाखाली दोघं आले की एक जण "माझा!" ओरडतो, तसंच इथे. जवळच्याने "माझा!" म्हणायचं, दुसऱ्याने दोन मीटर लांब राहून पुढचा पास धरायला तयार व्हायचं. आरोळी न देता दोघं वाकले तर टॅग मिळाला तरी तो धरत नाही.

अडवणारा एकटा असला तरी समोरून येऊ नये. त्याने बॉलवाल्याच्या एका बाजूला सरकायचं, त्याला दुसरी बाजू मोकळी दाखवायची आणि तो तिकडे वळला की जवळच्या हाताने जवळचा टॅग ओढायचा. लांबचा हात वापरला की अंग आडवं होतं आणि खांदा पोटात बसतो. डोकं वर, पाठ सरळ, गुडघ्यात वाकायचं. मान खाली घालून धावणाऱ्याला मी लगेच थांबवते, मग टॅग मिळो न मिळो.

डोक्याला लागलं तर त्या मुलाचा खेळ त्या दिवसापुरता संपला. ते "काही नाही झालं बाई" म्हणेल तरीही. घरी कळवायचं आणि उलटी, गुंगी, डोकेदुखी असं काही दिसलं तर डॉक्टरकडे न्यायला सांगायचं.

पट्टा तपासायला विसरू नका

काही वेळा सगळं बरोबर असतं आणि तरी झोंबाझोंबी होते. तेव्हा पट्टे बघा. सैल पट्टा पळताना फिरतो, एक टॅग पोटाशी येतो, दुसरा पाठीशी. मग समोरचा हात पोटावर घालतो. पट्टा घातल्यावर दोन बोटं जेमतेम आत जातील एवढा घट्ट हवा आणि टॅग दोन्ही कमरेच्या हाडांवर. शर्ट आत खोचलेला. एक हुशार पोरगं टॅग पट्ट्याभोवती गुंडाळून बसवायचं, म्हणजे ओढला तरी निघत नाही. असा टॅग ओढणारा हिसका देतो आणि पट्ट्यासकट मूल खेचलं जातं. हा खोडसाळपणा दिसला की मी बॉलच समोरच्यांना देते.

उलट, आपोआप पडणारे टॅग असतील तर वेल्क्रो बघा. आमच्या लाल मातीत ते आठवड्यात कुसळांनी आणि धुळीने भरतं. जुन्या टूथब्रशने खरवडलं की पुन्हा धरतं.

पट्टे कमी पडले तेव्हा आम्ही जुन्या चादरीच्या पट्ट्या कापल्या. चार बोटं रुंद, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, आणि चार बोटं कमरेच्या इलॅस्टिकमध्ये खोचलेल्या. गाठ मारायची नाही. लांबी मुद्दाम एवढी. टॅग आखूड असला की हात अंगाला लागतो, लांब असला की हात अंगापासून लांब राहतो. मिश्र वर्गात या एका गोष्टीने किती अवघडलेपण कमी होतं, ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही.

आमच्या काही मुली कुर्त्यावर खेळतात. कुर्त्याची चिरलेली बाजू पळताना उडते आणि टॅग झाकून टाकते. पट्टा कुर्त्याच्या वरून बांधायचा आणि कुर्त्याची टोकं पट्ट्याखाली दाबून घ्यायची. ओढणी असेल तर ती बॅगेत. गळ्यात गुंडाळून किंवा कमरेला बांधून मैदानात आणायची नाही.

मुलींपर्यंत बॉल का जात नाही

यावरचा सगळीकडे सांगितला जाणारा उपाय मीही केला होता. मुलीने बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीवर टेकवून गुण केला तर एकाऐवजी दोन गुण, आणि प्रत्येक डावात एक पास मुलीला द्यायचाच. चार दिवसांत तो उलटा फिरला. समोरच्यांना कळलं की आता पास मुलीकडे जाणार, ते आधीच तिच्याजवळ उभे राहायला लागले. पास मिळाला की तिचा टॅग गेलाच. एका मुलीने तोंडावर सांगितलं, "बाई, मला उगीच देतात."

खरं कारण वरच्याच हिशोबात होतं. आपण मुलींना सांगतो, "कडेला मोकळ्या राहा." त्या कडेला, बॉलच्या बरोबरीत किंवा पुढे उभ्या राहतात. मुलगा पास देतो, तो पुढे जातो, शिट्टी वाजते, बॉल जातो. मुलाच्या डोक्यात हिशोब पक्का होतो की तिला दिलं की बॉल जातो. पुढच्या वेळी तो देत नाही. यात त्याचा मुलींबद्दलचा काही पूर्वग्रह असेलही, पण आधी त्याला खेळानेच हे शिकवलेलं असतं. त्याच मुलीला तीन मीटर मागे आणा आणि मागून हाक मारायला शिकवा. ती पळत पास घेते, चार-पाच मीटर पुढे नेते, आणि चौथ्या-पाचव्या पासाला मुलगा स्वतःच तिच्याकडे मान वळवतो.

त्याला जोड म्हणून मी दोनच गोष्टी ठेवल्यात. गट करताना मुलगे-मुली न मोजता आधी वेग बघते. तीस मीटरच्या धावेत कोण कितव्या नंबरला आलं ते पाहून पाचही वेगांची मुलं प्रत्येक गटात टाकते. वेगवान मुलांमध्ये आमच्याकडे तीन मुली आहेतच. आणि ज्याने टेकवलं त्याने पुढच्या वेळी सगळ्यात मागून सुरुवात करायची. हा नियम मुलगा-मुलगी बघत नाही, त्यामुळे कुणाच्या मनाला लागत नाही, आणि एकच जोरकस पोरगं सगळा डाव खाऊन टाकत नाही.

टॅग परत देण्याचंही एक लक्षात ठेवा. काही मुलगे मुलीचा टॅग ओढून लांब भिरकावतात, ती आणायला जाते तोवर डाव पुढे जातो. हातात दिल्याशिवाय ओढणाराही खेळाबाहेर, हा नियम इथे कडक लावा. दोनदा शिट्टी वाजली की भिरकावणं थांबतं.

सहा तासांनंतरची पाटी

रुंदी पहिल्या तासाला बदलली, तिरकी ओळ दुसऱ्या आणि तिसऱ्या तासाला घेतली, "माझा!" आणि जवळचा हात चौथ्याला. सहाव्या तासाला पुन्हा पाट्या दिल्या. आता दोन्ही मैदानांवर मिळून वीस भिडू एकाच वेळी खेळत होते आणि आठ मिनिटं दोन डावांत मोजली. पुढे गेलेले पास पाच. धडका दोन, दोन्ही खांद्याला खांदा लागलेल्या. बॉल एकदाही हातात न आलेले दोघं, एक मुलगा आणि एक मुलगी. त्या दोघांना मी पुढच्या तासाला तिरक्या ओळीत दुसऱ्या जागेवर ठेवलं, म्हणजे पहिला पास त्यांच्याकडेच जातो.

हे सगळं करूनही तुमच्याकडे पास पुन्हा पुढे जायला लागले, तर आधी मैदान मोजा. आमच्याकडे एकदा आठवडाभर तेच सुरू झालं आणि मी पुन्हा तिरकी ओळ घ्यायला निघाले होते. मग कळलं, बांधकामाची खडी कडेला येऊन पडली होती आणि मुलांनी आपणच रेघ पाच मीटर आत ओढली होती.

नववीच्या वर्गात हे एवढ्यावर भागत नाही. मुलांच्या वजनांत फार फरक पडतो आणि पन्नास किलोचं पोरगं पूर्ण वेगात आलं की खांद्याचा धक्काही पाडतो. तिथे मी मैदान तेवढंच ठेवून चार-चारच खेळवते. पावसाळ्यात मैदान निसरडं असेल तर पळायचा खेळ बंद ठेवून व्हरांड्यात तिरक्या ओळीत चालत पासचा सराव घेते. बॉल सातवीला चार नंबरचा. पाच नंबरचा त्यांच्या हातात मावत नाही, मग तो छातीशी कवटाळतात, आणि कवटाळलेला बॉल कुणी मागे देत नाही.